नवीन प्रत्येक चॅटला आपोआप टायमर: व्हॉट्सॲपमध्ये एकदाच करायची सेटिंग

औसा तालुक्यात माझ्या भाच्याचं ऑनलाइन सेंटर आहे. झेरॉक्स, पॅन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि पावसाळ्यात पीक विमा. कागदं घेऊन माणूस सेंटरवर येतो हे आता जुनं झालं. फोन येतो, "कागदं व्हॉट्सॲपला टाकलेत, फॉर्म भरून ठेवा, पैसे फोन पे करतो." मग आधारची दोन्ही बाजू, सातबारा, आठ अ, पासबुकचं पहिलं पान, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, सगळं एका मागोमाग एक येऊन पडतं. हंगामात दिवसाला तीस-चाळीस नवे नंबर. यातला निम्मा माणूस पुन्हा वर्षभर भेटत नाही, पण त्याचं आधार भाच्याच्या मोबाईलमध्ये राहतं.

मागच्या वर्षी त्याच्या मोबाईलची स्क्रीन फुटली. दुरुस्तीवाला म्हणाला, टच तपासावा लागतो, पिन सांगून जा. भाच्यानं सांगितलाही. घरी आल्यावर जेवताना त्याच्या लक्षात आलं की आपण काय देऊन आलो. चार-पाच वर्षांची गिऱ्हाइकं, त्यांचे आधार, त्यांचे खाते नंबर. सुदैवानं काही झालं नाही, पण रात्रभर त्याला झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "मामा, हे आपोआप पुसून जाईल असं काही हाय का? रोज चाळीस चॅट उघडून कोण टायमर लावणार?"

आहे. व्हॉट्सॲपमध्ये २०२१ च्या डिसेंबरपासून आहे, पण बहुतेकांना फक्त एका-एका चॅटमध्ये जाऊन लावायचा टायमर माहीत असतो. सगळ्या नव्या चॅटना एकदाच लावायचा टायमर वेगळ्या ठिकाणी आहे. भाच्याच्या सेंटरवर बसून आम्ही तो कसा लावला, पहिल्यांदा कुठं चुकलो आणि शेवटी काय ठरलं, ते क्रमानं सांगतो. मेन्यूची नावं बहुतेकांच्या मोबाईलवर इंग्रजीत असतात, म्हणून ती तशीच लिहितो.

सेटिंग कुठं आहे

अँड्रॉइड मोबाईलवर व्हॉट्सॲप उघडा. वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात, ती दाबा आणि Settings मध्ये जा. तिथून Privacy. या पानावर आधी लास्ट सीन, प्रोफाइल फोटो वगैरे दिसेल. थोडं खाली सरकलं की Disappearing messages हे शीर्षक आणि त्याच्याखाली Default message timer ही ओळ आहे. ती दाबली की चार पर्याय येतात: 24 hours, 7 days, 90 days आणि Off. हवा तो निवडा आणि मागं या. सेव्हचं वेगळं बटण नाही, निवडलं की लागू झालं. आयफोनवरही Settings मधून Privacy आणि मग Default message timer, एवढाच रस्ता.

इथं एक गल्लत फार होते. एखादी चॅट उघडून वरच्या नावावर दाबलं की तिथंही Disappearing messages असा पर्याय दिसतो. तो फक्त त्या एका माणसासाठी. भाच्यानं आधी तेच केलं होतं, आणि "लावला की मी, लागना झालाय" म्हणत बसला होता. तुम्ही Settings मधून आत गेलात की चॅटमधून, एवढं पाहिलं की कळतं आपण कुठल्या टायमरला हात लावतोय.

तो लागू कशाला होतो

टायमर लावल्यानंतर जी नवी चॅट सुरू होईल तिला तो लागतो, मग पहिला मेसेज तुम्ही पाठवा किंवा समोरच्यानं पाठवावा. नंबर मोबाईलमध्ये सेव्ह आहे की नाही याचा संबंध नाही. ज्याच्याशी आधी व्हॉट्सॲपवर बोलणं झालेलं आहे, ती चॅट जुनी. तिच्यात काहीही बदलत नाही.

ग्रुपला हा टायमर लागत नाही. फक्त दोघांच्या चॅटपुरता आहे. नवा ग्रुप करताना ग्रुपच्याच पानावर Disappearing messages वेगळं निवडावं लागतं.

लागला की नाही हे तपासायची सोपी खूण आहे. नवी चॅट उघडली की सुरुवातीलाच एक ओळ येते, की या माणसानं नव्या चॅटसाठी डीफॉल्ट टायमर ठेवलेला आहे आणि मेसेज अमुक काळानं जातील. ही ओळ समोरच्यालाही दिसते. शिवाय त्याच्या प्रोफाइल फोटोच्या कोपऱ्यात घड्याळासारखी छोटी खूण येते. आम्ही तपासायला माझ्या बहिणीच्या, म्हणजे भाच्याच्या आईच्या नव्या सिमवरून सेंटरच्या नंबरला नुसतं "हॅलो" पाठवलं. ओळ आली, खूण आली. तपासणी करायची तर असाच कधी न बोललेला नंबर घ्या. रोजच्या माणसाला मेसेज करून बघाल तर काही दिसणार नाही, आणि सेटिंग बिघडली असं उगाच वाटेल.

ती ओळ समोरच्याला दिसते म्हणून एक तयारी ठेवा. आपल्याकडं लोकांना असं काही दिसलं की शंका येते. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी फोन करून विचारलं, "माझं कागद गायब होणार म्हणतंय, तुम्ही काय करुलालाव?" भाच्यानं आता एक ओळ लिहून ठेवलीय, तीच पहिल्या उत्तरात पाठवतो: "तुमचे कागद माझ्या मोबाईलमध्ये पडून राहू नयेत म्हणून हे आपोआप पुसले जातात. पावती तुम्हाला वेगळी मिळेल." त्यानंतर कुणी विचारलं नाही.

किती काळ ठेवायचा: आमची चूक इथं झाली

भाचा घाबरलेला होता, म्हणून त्यानं सगळ्यात कमी काळ निवडला, २४ तास. गुरुवारी लावला. सोमवारी सकाळी त्याचा फोन, "मामा, लामजन्याच्या एका पाहुण्याची कागदं दिसंनात."

झालं असं. त्या शेतकऱ्यानं शनिवारी रात्री ९ वाजता सातबारा आणि पासबुक पाठवलं. रविवारी सेंटर बंद. सोमवारी सकाळी १० वाजता भाच्यानं कामाला घेतलं, म्हणजे मध्ये ३७ तास गेले. व्हॉट्सॲपचा टायमर मेसेज पाठवल्यापासून मोजला जातो, उघडल्यापासून नाही. तुम्ही चॅट उघडलीच नाही तरी घड्याळ चालूच असतं. रविवारी रात्री ९ लाच ते कागद निघून गेले होते. एखादवेळी वर नोटिफिकेशनमध्ये मेसेजचा तुकडा दिसत राहतो, त्यामुळं माणूस आणखी गोंधळतो. चॅट उघडावी तर आत काही नाही.

त्या पाहुण्यानं कागद परत पाठवले, कारण मूळ कागद त्याच्या हातात होते. पण हंगामात हे परवडत नाही. खरीप विम्याची शेवटची तारीख साधारण ३१ जुलैच्या आसपास असते, आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत पोर्टल दिवसा उघडत नाही, रात्री बारानंतर कामं होतात. तेव्हा काळ ठरवताना कागद पोचल्यापासून काम पूर्ण व्हायला वाईटात वाईट किती दिवस लागतात ते मोजायचं. भाच्याचं गणित असं: शनिवारी संध्याकाळी आलेला कागद, रविवार सुट्टी, सोमवार-मंगळवार सर्व्हर बंद, बुधवारी काम. चार दिवस. वर एक-दोन दिवस चुकीच्या खाते नंबरसारख्या दुरुस्तीला. म्हणून ७ दिवस. ९० दिवस त्याच्या कामाला फार होतात, तीन महिने आधार पडून राहणं म्हणजे टायमर असून नसल्यासारखंच. शिकवणी घेणाऱ्या माणसाला, ज्याला सहामाहीपर्यंतचं बोलणं हाताशी लागतं, त्याला ९० बरे.

आता यातली दुसरी मेख. सोमवारी भाच्यानं डीफॉल्ट २४ तासांवरून ७ दिवसांवर आणला आणि निश्चिंत झाला. पण गुरुवार ते सोमवार या काळात सुरू झालेल्या चॅट २४ तासांवरच राहिल्या. डीफॉल्ट बदलला की तो तिथून पुढच्या चॅटना लागतो, आधी टायमर घेऊन जन्मलेल्या चॅट आपला जुनाच टायमर सांभाळतात. त्या साठ-सत्तर चॅटमध्ये पुढची कागदं आली तर तीही एका दिवसात जाणार होती. आम्हाला हे मंगळवारी लक्षात आलं, तेही फोटोच्या कोपऱ्यातली खूण दाबून बघता बघता.

जुन्या चॅटना एकदम टायमर लावणं

यासाठी पुन्हा त्याच Default message timer च्या पानावर जा. पर्यायांच्या खाली जो बारीक मजकूर आहे त्यात आधीपासूनच्या चॅटना टायमर लावण्याची लिंक आहे. ती दाबली की चॅटची यादी उघडते, हव्या त्यांवर खूण करायची, काळ निवडायचा, झालं. आम्ही त्या चार दिवसांच्या चॅट अशाच एका बैठकीत ७ दिवसांवर आणल्या.

पण सगळ्या चॅटवर डोळे झाकून खुणा करू नका. भाच्याच्या यादीत कागदाच्या रिमवाला व्यापारी होता, ज्याच्याशी उधारीचा हिशेब व्हॉट्सॲपवरच चालतो. दुकानाच्या मालकाशी भाड्याचं बोलणं होतं. बँकेच्या माणसाशी झालेलं संभाषण होतं. हिशेबाच्या आणि वादाच्या जागी जुना मेसेज हाच कागद असतो. ते सगळे सोडले. डीफॉल्ट टायमर जुन्या चॅटना हात लावत नाही हे म्हणूनच बरं आहे. चुकून कुणाचा हिशेब पुसला जात नाही.

आणि जुन्या चॅटला टायमर लावला तरी आधी आलेले मेसेज जागेवरच राहतात. टायमर फक्त त्यानंतरच्या मेसेजना. गेल्या पाच वर्षांचे आधार पुसायचे तर ते हातानंच. Settings मधून Storage and data, तिथं Manage storage. कुठल्या चॅटमध्ये किती एमबी अडकलेत ते मोठ्यापासून लहानाकडं दिसतं. भाच्यानं हे दोन रात्री बसून केलं. मोबाईल हलका झाला तो वेगळाच फायदा.

पावतीचा प्रश्न

हा मुद्दा आमच्या ध्यानात उशिरा आला, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. टायमर चॅटला लागतो, एका माणसाच्या मेसेजना नव्हे. म्हणजे शेतकऱ्यानं पाठवलेलं आधार जसं सात दिवसांनी जातं, तशी भाच्यानं त्याला पाठवलेली विम्याची पावतीही जाते. त्याच्याही मोबाईलमधून. आणि पावती लागते कधी? ऑक्टोबरात, सोयाबीन पाण्यात गेल्यावर, जेव्हा विम्याची चौकशी करताना अर्ज क्रमांक लागतो. तेव्हा माणूस चॅट उघडणार आणि ती रिकामी असणार.

यावर उपाय व्हॉट्सॲपमध्येच आहे. गायब होणाऱ्या चॅटमधला एखादा मेसेज बोटानं दाबून धरला की वर बुकमार्कसारखी खूण येते, तिचं नाव Keep. ती दाबली की तो मेसेज टायमरमधून सुटतो आणि दोघांच्याही चॅटमध्ये राहतो. भाच्यानं आता सवय लावून घेतलीय: पावतीची पीडीएफ पाठवली की लगेच ती दाबून धरायची, Keep करायची, मगच पुढचं गिऱ्हाईक. ठेवलेले मेसेज चॅटच्या माहितीच्या पानावर Kept messages मध्ये एकत्र सापडतात.

Keep ची एक मर्यादा लक्षात ठेवा, ती खरं तर लोकांच्या बाजूची आहे. मेसेज ज्यानं पाठवला त्याचा शब्द शेवटचा. भाच्यानं शेतकऱ्याचं आधार Keep केलं तर शेतकऱ्याला तसं कळतं आणि तो ते रद्द करू शकतो. त्यानं रद्द केलं की तो मेसेज वेळेवर जातोच. पावती भाच्यानंच पाठवलेली, म्हणून तिच्यावर त्याचा हक्क. जो वयस्कर माणूस मोबाईल नातवाच्या हातून वापरतो, त्याला मात्र पावतीची झेरॉक्सच द्यावी. पासबुकात घडी करून ठेवतो तो कागद जास्त टिकतो.

पुसलं गेलं असं वाटतं, पण राहतं कुठं

चॅटमधून मेसेज गेला म्हणजे कागद गेला असं नाही. सेंटरवर सगळ्यात मोठं भोक मोबाईलमध्ये नसून कॉम्प्युटरमध्ये होतं. भाचा व्हॉट्सॲप वेबवरून आधारचा फोटो डाउनलोड करतो, पोर्टलवर चढवतो आणि विसरतो. त्याचं Downloads फोल्डर उघडलं तर आत हजारो फायली. टायमरला तिथं काहीच करता येत नाही. आम्ही क्रोममध्ये Settings, मग Downloads, आणि तिथलं Ask where to save each file before downloading हे बटण चालू केलं. आता कुठं ठेवायचं विचारलं की तो दरवेळी डेस्कटॉपवरचा एकच फोल्डर निवडतो, आणि दुकान लावताना, म्हणजे शटर ओढण्याआधी, तो त्या फोल्डरमधलं सगळं निवडून Shift धरून Delete दाबतो. नुसतं Delete दाबलं तर फाईल रिसायकल बिनमध्ये बसते.

मोबाईलवर Settings मधून Chats आणि तिथं Media visibility बंद करा, म्हणजे आलेले फोटो गॅलरीत दिसणार नाहीत. ज्या फोटोंचे गूगल फोटोजवर आपोआप बॅकअप होतात त्यांच्यात व्हॉट्सॲपचं फोल्डर निवडलेलं आहे का, तेही बघा. भाच्याचं होतं. दुसऱ्यांचे सातबारे त्याच्या लग्नाच्या फोटोंच्या शेजारी जाऊन बसले होते.

व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअपही आहे. मेसेज जाण्याआधी बॅकअप झाला तर तो मेसेज त्यात जातो; तो बॅकअप परत मोबाईलवर आणताना मुदत संपलेले मेसेज काढले जातात. फॉरवर्डचं मात्र तसं नाही. टायमर नसलेल्या चॅटमध्ये कुणी कागद फॉरवर्ड केला तर तो तिथं राहतो. भाचा गर्दीच्या दिवसांत काही अर्ज दुसऱ्या सेंटरवाल्याकडं पाठवायचा, ती चॅट जुनी होती, टायमर नव्हता. तिथं त्यानं हातानं ७ दिवस लावले. स्क्रीनशॉट तर कुणीही कधीही काढू शकतो, त्याला टायमरचा अटकाव नाही.

एक आणखी. दोघांच्या चॅटमध्ये समोरचाही टायमर बदलू किंवा बंद करू शकतो. त्यानं बंद केला की चॅटमध्ये तशी ओळ येते. तुमचा डीफॉल्ट तसाच राहतो, पण त्या चॅटपुरता तो उरत नाही. भाच्याचा नियम साधा: फोटोच्या कोपऱ्यात घड्याळ दिसलं नाही तर आधी टायमर लावायचा, मग काम.

सिग्नल आणि टेलिग्राम वापरत असाल तर

सिग्नलमध्ये Settings, Privacy, Disappearing messages, आणि तिथं Default timer for new chats. तिथं काळ ३० सेकंदांपासून ४ आठवड्यांपर्यंत आहे, आणि हवा तो मधला काळही टाकता येतो. फरक मोजणीत आहे: समोरच्यासाठी घड्याळ त्यानं मेसेज वाचल्यावर सुरू होतं. शनिवार-सोमवारचा आमचा घोळ तिथं झाला नसता. पण तिथला डीफॉल्ट तुम्ही सुरू केलेल्या चॅटना लागतो. आपल्याला जो आधी मेसेज करतो त्याच्यासाठी तो धरून चालू नका, सेंटरवाल्यासाठी हा फरक मोठा आहे.

टेलिग्राममध्ये ही सेटिंग Privacy and Security मध्ये Auto-Delete Messages या नावानं आहे, दिवस, आठवडा, महिना असे पर्याय मिळतात, आणि जुन्या चॅटना लावायची सोय तिथंच आहे. आमच्या भागात कागदं टेलिग्रामवर कुणी पाठवत नाही, म्हणून त्यात आम्ही खोल गेलो नाही.

भाच्यानं परवा नवा मोबाईल घेतला. नंबर तोच. व्हॉट्सॲप चालू केल्यावर पहिलं काम म्हणून त्यानं Default message timer उघडून ७ दिवसांवर खूण आहे का ते पाहिलं, आणि मग आईच्या दुसऱ्या एका कोऱ्या नंबरवरून पुन्हा "हॅलो" मागवलं. ओळ आली तेव्हा शटर अर्धं वर होतं आणि बाहेर चार माणसं पासबुक घेऊन उभी होती.